शेवटचा रकाना

जून २०१० च्या शेवटच्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या ग्राहकांना दोन पानांचं पत्र पाठवलं होतं. साताऱ्यात विमा प्रतिनिधी म्हणून काम करायला लागून मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नवरात्राची शुभेच्छापत्रं आणि हप्ता थकल्याची आठवण सोडली, तर लोकांना लेखी काही कळवण्याची वेळ यापूर्वी आली नव्हती. कंपनीकडून इंग्रजी मसुदा आला होता. तो इतका सावध भाषेत होता की मलाच तो दोनदा वाचावा लागला. शेवटी बाजूला ठेवला आणि मराठीत स्वतःच लिहायला बसलो.

सांगायचं होतं ते एका वाक्याचं. १ जुलै २०१० पासून युलिप पॉलिसी विकताना, तिच्यावर प्रतिनिधीला किती कमिशन मिळणार आहे ते ग्राहकाला रुपयांत लिहून द्यायचं, असा विमा नियामकाचा, म्हणजे हैदराबादच्या ‘इर्डा’चा आदेश आला होता. पॉलिसी घेण्याआधी जे फायद्याचं कोष्टक दाखवतात, ज्याला आम्ही सगळे ‘बेनिफिट इलस्ट्रेशन’ म्हणतो, त्यातच हा आकडा येणार होता.

पत्र पोचल्यावर चौथ्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक ते घडी करून खिशात घालून माझ्याकडे आले. आमच्या भागात त्यांना सगळे सरच म्हणतात. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अरे, पुढच्या पॉलिसीवर तुला किती मिळणार ते तू लिहून देणार, हे कळलं. पण माझी घेऊन झालेली आहे तिचं काय? तिच्यात तुला किती मिळाले?”

सरांची युलिप २००७ ची होती. वर्षाला ५०,००० रुपये हप्ता. युलिपचं गणित म्युच्युअल फंडासारखं चालतं. हप्त्यातून खर्च वजा होतो, उरलेल्या पैशातून फंडाची युनिटं घेतली जातात आणि विम्याच्या छत्राचे पैसे दर महिन्याला युनिटं विकून कापले जातात. सरांच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाचा ‘अलोकेशन चार्ज’ ३० टक्के होता. म्हणजे १५,००० रुपये दारातच गेले आणि ३५,००० फंडात पोचले. युनिटाचा भाव तेव्हा १० रुपये होता. त्यांच्या पत्रकावर ३,५०० युनिटं दिसली. त्या वेळी त्यांनी विचारलंही होतं, “पाच हजार असायला हवी होती ना?” आणि मी म्हणालो होतो, “सर, सुरुवातीला चार्जेस असतात, पुढे भरून निघतं.”

आता मी खरं सांगितलं. त्या १५,००० पैकी १०,००० मला मिळाले होते.

सर काही बोलले नाहीत. चहा आला, तो प्यायले. मग म्हणाले, “म्हणजे तू माझ्याकडून वेगळे घेतले नाहीस. कंपनीनं माझ्याकडून घेतले आणि तुला दिले.” ही गोष्ट बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती आधी नीट मांडतो. कमिशन हे चार्जेसच्या जोडीला लागणारं आणखी एक बिल नाही. ते चार्जेसच्या पोटातच असतं. ग्राहकाच्या हप्त्यातून वा फंडातून कंपनी जे कापते त्यातून ती ऑफिस चालवते, जाहिरात करते, नफा काढते आणि विकणाऱ्याला त्याचा वाटा देते. माझं पत्र वाचून चार-पाच जणांनी तरी फोनवर विचारलं होतं, “आता कमिशनचे पैसे वेगळे भरायचे का?” माझ्या लिहिण्यातच ती खोट होती.

हा नियम आला कसा, ते थोडक्यात सांगून पुढे जातो. १ ऑगस्ट २००९ ला ‘सेबी’नं म्युच्युअल फंडांचा ‘एंट्री लोड’ बंद केला. तोपर्यंत गुंतवणूकदाराच्या पैशातून साधारण सव्वादोन टक्के कापून ते वितरकाला दिले जात. ते बंद झाल्यावर तेच वितरक युलिपकडे वळले, कारण तिथे पहिल्याच वर्षी याच्या कितीतरी पट मिळत होतं. एप्रिल २०१० मध्ये सेबीनं चौदा विमा कंपन्यांना युलिप विकायला मनाई केली आणि दोन नियामकांचं भांडण चव्हाट्यावर आलं. जूनमध्ये सरकारनं अध्यादेश काढून युलिप इर्डाकडेच ठेवली. मग इर्डाला आपलं घर आवरून दाखवणं भाग होतं. १ जुलैला कमिशनचा आकडा उघडा झाला. १ सप्टेंबर २०१० पासून युलिपची अडकवणूक तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, आणि चार्जेस पहिल्या वर्षात न लादता पाच वर्षांत सारखे पसरायचे, असं ठरलं. आमच्या धंद्यात “तीन वर्षं भरा, मग काढा आणि नवीन घ्या” हे वाक्य पाठ होतं. ते त्या सप्टेंबरात मेलं.

तर आता कागद. आज युलिप विकत घेताना जे कोष्टक समोर येतं त्याचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात वर्षवार ओळी असतात: हप्ता, विम्याच्या छत्राचा खर्च, इतर चार्जेस, वर्षाअखेरचा फंड, पॉलिसी सोडली तर मिळणारी रक्कम, मृत्यू झाला तर मिळणारी रक्कम. हे सगळं दोनदा मांडलेलं असतं, फंड वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला तर काय आणि ८ टक्क्यांनी वाढला तर काय. २०१० साली हे दर ६ आणि १० होते, पुढे कमी केले. हे दर म्हणजे कोणाचं भाकीत नव्हे आणि हमीही नव्हे. सगळ्या कंपन्यांची कोष्टकं एकाच मापानं मोजता यावीत म्हणून ते ठरवून दिलेले आहेत. या भागाच्या अगदी उजव्या कडेला शेवटचा रकाना असतो, मध्यस्थाला देय कमिशन, रुपयांत. सगळा गाजावाजा झाला तो या रकान्याचा.

‘ब’ भागात तेच चार्जेस सुटे करून दाखवलेले असतात. अलोकेशन चार्ज किती, पॉलिसी सांभाळण्याचा खर्च किती, फंड व्यवस्थापनाचा खर्च किती. या शेवटच्या खर्चाची कमाल मर्यादा वर्षाला फंडाच्या १.३५ टक्के आहे. याच भागाच्या डोक्यावर, बहुतेकदा बारीक अक्षरांत, दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. ‘ग्रॉस यील्ड’ ८ टक्के आणि त्याच्यापुढे ‘नेट यील्ड’ अमुक टक्के. म्हणजे फंडानं ८ टक्के कमावले तर चार्जेस वजा जाता तुमच्या हाती किती टक्के वाढ उरते.

मी माझ्या पत्रात कमिशनच्या रकान्याला दीड पान दिलं होतं आणि नेट यील्डला दोन ओळी. आज ते पत्र पुन्हा लिहायचं झालं तर उलटं करीन. का, ते एका उदाहरणानं दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण गणित कोणीही तपासावं.

वर्षाला ५०,००० हप्ता, दहा वर्षं. समजा कोष्टकात कमिशनचा रकाना असा आहे: पहिल्या वर्षी ३,०००, नंतर दरवर्षी १,०००. दहा वर्षांची बेरीज १२,०००. पाच लाख भरल्यावर प्रतिनिधीला बारा हजार, कोणालाही हे रास्त वाटेल. आता डोक्यावरचे दोन आकडे पाहा. ग्रॉस ८, नेट ५. दहा वर्षांच्या युलिपला चार्जेसमुळे जास्तीत जास्त इतकीच, म्हणजे ३ टक्क्यांची घट होऊ देता येते, म्हणून मी मुद्दाम मर्यादेवरचं उदाहरण घेतलं आहे. दरवर्षी सुरुवातीला ५०,००० भरून ते ८ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांअखेर सुमारे ७ लाख ८२ हजार होतात. ५ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६ लाख ६० हजार. फरक १ लाख २२ हजारांचा.

शेवटच्या रकान्यात दिसले बारा हजार, आणि प्रत्यक्ष कमी झाले सव्वा लाखाच्या घरात. यात कोणी खोटं बोललेलं नाही. रकान्यात फक्त विकणाऱ्याचा वाटा आहे. कंपनीचा स्वतःचा वाटा त्यात नाही, फंड सांभाळण्याचा खर्च नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी कापले गेलेले पैसे दहा वर्षांत जे कमावू शकले असते ते तर नाहीच नाही. हे सगळं एकत्र मोजणारा कागदावरचा आकडा म्हणजे नेट यील्ड. नियामकानं घटीची मर्यादा वर्षागणिक उतरती ठेवली आहे. पाचव्या वर्षाअखेर ४ टक्के, दहाव्या वर्षी ३ टक्के आणि पंधराव्या वर्षापासून पुढे सव्वादोन टक्के. म्हणजे हेच चार्जेस लांब मुदतीच्या पॉलिसीत कमी टोचतात. युलिप लवकर सोडणाऱ्याला ती महाग पडते, याचं कारण इथे आहे.

नेट यील्डलाही एक छिद्र आहे, आणि ते कागदाच्या तळटिपेत लिहिलेलं असतं. हा आकडा काढताना विम्याच्या छत्राचा खर्च धरत नाहीत, आणि करही धरत नाहीत. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, त्यामुळे कराचा प्रश्न नव्या पॉलिसींपुरता मिटला. छत्राचा खर्च मात्र वयाबरोबर चढतो. पस्तिशीत तो हजारी सव्वा रुपयाच्या आसपास असतो, पंचावन्नाव्या वर्षी हजारी साडेसात रुपयांच्या आसपास. प्रत्येक कंपनीचा दर थोडा वेगळा, पण चढण हीच. पाच लाखांचं छत्र आणि फंडात पहिल्या वर्षाचे पन्नासएक हजार असतील तर खर्च उरलेल्या साडेचार लाखांवर लागतो. पस्तिशीच्या माणसाला त्या वर्षी साडेपाचशे-सहाशे रुपये, पंचावन्नच्या माणसाला सव्वातीन हजारांच्या वर. दोघांच्या कागदावर नेट यील्ड एकच छापलेलं असतं. सर माझ्यासमोर बसले होते तेव्हा साठीत होते, आणि त्यांच्या पॉलिसीतून दर महिन्याला किती युनिटं या खर्चापोटी विकली जातात हे मी कधी काढूनही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. त्यांना दाखवलं. माझाच चेहरा पडला.

या कोष्टकाच्या शेवटी दोन सह्या लागतात. एक प्रतिनिधीची, की मी हप्ते, चार्जेस आणि फायदे ग्राहकाला पूर्ण समजावून सांगितले. दुसरी ग्राहकाची, की मला ते करार करण्याआधी समजले. ही दुसरी सही पुढे तक्रार झाली तर ग्राहकाच्या विरुद्ध उभी राहते. ती बहुधा टेबलावर गठ्ठ्यातल्या पाचव्या-सहाव्या जागी, फुलीची खूण केलेल्या ठिकाणी, न वाचता होते. आता ती मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून होते, म्हणजे कागद उलटण्याचीही गरज उरत नाही. पॉलिसी हातात आल्यावर परत करायला पूर्वी पंधरा दिवस असत, आता तीस दिवस आहेत. तेवढ्यात कोष्टक पुन्हा उघडून पाहणारा ग्राहक मला पंचवीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला.

कमिशनचा आकडा दिसू लागल्यावर लगेच जे झालं ते कोणाही एजंटला आठवत असेल. लोक म्हणू लागले, “तीन हजार लिहिलेत ना, मग त्यातले दीड मला द्या.” काही जण तर पहिला हप्ताच एजंटनं भरावा म्हणून अडून बसत. हे विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं बेकायदा आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. ते कलम प्रत्येक अर्जावर छापलेलं असतं. २०१० साली त्याचा दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. एवढ्याला कोण भिणार? २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो दहा लाख रुपयांपर्यंत झाला. मागणी तरीही थांबली असं मी म्हणणार नाही. पण कमिशन परत देऊन विकणाऱ्याला पैसे फक्त मोठ्या संख्येत सुटतात, म्हणून तो पुढच्या वर्षी तुमच्या दारात यायचा नाही, एवढं मात्र मी ग्राहकांना सांगत आलो.

दुसरा एक गैरसमज. ऑनलाइन घेतलेल्या पॉलिसीत शेवटच्या रकान्यात शून्य असतं. शून्य पाहून लोक समजतात, खर्चही शून्य. काही कंपन्यांच्या थेट विक्रीच्या योजना खरोखर स्वस्त असतात, काही फारशा नसतात. कोणती कुठली हे ‘ब’ भागाच्या डोक्यावरच कळतं, रकान्यात नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण त्या जुलैनंतर जे झालं ते मला अजून टोचतं.

नियम युलिपपुरता होता. एंडोमेंट, मनी बॅक, होल लाइफ या पारंपरिक पॉलिसींत चार्जेस वेगळे दाखवायची पद्धतच नाही. तिथे हप्ता एका मोठ्या सामायिक निधीत जातो, आणि ग्राहकाला विमा रक्कम आणि बोनस एवढंच दिसतं. कमिशनची कायदेशीर कमाल मर्यादा तेव्हा पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत होती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के. युलिपवरचं कमिशन, चार्जेस पाच वर्षांत पसरल्यामुळे, एक आकडी टक्क्यांवर घसरलं. एकीकडे कमी पैसे आणि ते लिहून द्यायचे, दुसरीकडे जास्त पैसे आणि कोणी विचारत नाही. आमच्या शाखेच्या सोमवारच्या बैठकीत सप्टेंबरपर्यंत युलिपचं नाव कोणी काढेनासं झालं. मीही नाही.

हे माझ्या एका शाखेचं निरीक्षण आहे असं कोणी म्हणू नये. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार या तीन अभ्यासकांनी भारतातल्या आयुर्विमा एजंटांकडे गिऱ्हाईक म्हणून माणसं पाठवून पाहिलं होतं. १ जुलै २०१० चा नियम त्यांना अभ्यासासाठी आयताच मिळाला. कमिशन उघड करणं बंधनकारक झाल्यावर एजंटांनी ती पॉलिसी सुचवणंच कमी केलं, आणि जिचं कमिशन मोठं पण उघड करायची सक्ती नाही अशी दुसरी पॉलिसी पुढे केली, असं त्यांना आढळलं. पुढच्या काही वर्षांत देशभर नव्या धंद्यात युलिपचा वाटा कोसळला आणि पारंपरिक पॉलिसींचा वाढला.

मग पारंपरिक पॉलिसीत चार्जेस शोधायचे कसे? तिच्या कोष्टकात ग्रॉस-नेट नाही, चार्जेसचे रकाने नाहीत. एक रकाना मात्र आहे, ‘सरेंडर व्हॅल्यू’, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम. कापलेला खर्च तिथे उलटा उमटतो.

शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोन्हीकडे वर्षाला एक लाख हप्ता, आणि एकच हप्ता भरून माणूस थांबला. २०१० नंतरच्या युलिपमध्ये पहिल्याच वर्षी सोडण्याचा दंड जास्तीत जास्त ६,००० रुपये. बाकीची रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात पडून राहते आणि पाच वर्षांनी मिळते. पारंपरिक पॉलिसीत ऑक्टोबर २०२४ पर्यंत अशा माणसाला काही मिळालंच पाहिजे, असा नियम नव्हता. लाख गेले. दोन पूर्ण हप्ते भरून सोडली तर किमान हमी होती भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांची, म्हणजे दोन लाखांतले साठ हजार.

१ ऑक्टोबर २०२४ पासून पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरही काही रक्कम द्यावी लागते. ती किती, हे एका उदाहरणावरून पाहा. दहा वर्षं दरवर्षी एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख मिळायचे अशी पॉलिसी धरा. एकच हप्ता भरला तर दहापैकी एक वाटा जमा झाला, म्हणून विसाव्या वर्षी मिळणार २ लाख. ते आजच द्यायचे तर मधल्या एकोणीस वर्षांचं व्याज वजा करायचं. दर साडेसात टक्के धरला तर आजची किंमत येते सुमारे ५०,६०० रुपये. लाखाचे वर्षभरात निम्मे. उरलेलं सगळं कमिशन नाही. त्यात छत्राचा खर्च आहे, कंपनीचा खर्च आहे, आणि मुळात परताव्याचा दरच कमी असल्याचा परिणाम आहे. पण शून्यापेक्षा हे पन्नास हजार बोलके आहेत. या नियमाचा फटका बसू लागल्यावर काही कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन पुढच्या वर्षांत ढकललं, किंवा ग्राहकानं पॉलिसी सोडली तर ते विकणाऱ्याकडून परत घ्यायला सुरुवात केली. रकान्यात कमिशन न लिहिताही नियमानं त्याला हात घातला तो असा.

‘दहा लाख भरा, वीस लाख घ्या’ यातला परताव्याचा दरही घरी काढता येतो. एक्सेलमध्ये पहिल्या दहा ओळींत -१,००,००० लिहा, पुढच्या दहांत शून्य, एकविसाव्या ओळीत २०,००,००० आणि खाली टाका:

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर येतं वर्षाला साधारण साडेचार टक्के. दुप्पट हा शब्द ऐकून जे वाटतं त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. पारंपरिक पॉलिसीपुरता नेट यील्डचा कागद ग्राहकाला असा स्वतःच तयार करावा लागतो. निदान हे एवढं तरी कंपन्यांनी कोष्टकात छापावं, अशी सक्ती व्हायला हवी होती असं माझं मत आहे. २०१० लाच.

कमिशनच्या बाबतीत आता उलट दिशा आहे. १ एप्रिल २०२३ पासून पॉलिसीच्या प्रकारानुसार असलेली कमाल मर्यादाच काढून टाकली. कंपनीच्या संचालक मंडळानं ठरवलेलं धोरण आणि एकूण खर्चाची मर्यादा, एवढंच बंधन उरलं. पूर्वी कायदा उघडून ग्राहकाला कळत होतं की एजंटला पस्तीस टक्क्यांच्या वर मिळूच शकत नाही. आता तेही कळत नाही. युलिपचा शेवटचा रकाना मात्र अजून छापला जातो.

सरांनी ती जुनी पॉलिसी सोडली नाही. पुढे भरत राहिले, कारण पहिल्या वर्षांचे चार्जेस जाऊन झाले होते आणि पुढचे कमी होते. या बाबतीत त्यांचं गणित माझ्यापेक्षा सरळ होतं. गेल्या वर्षी त्यांची मुलगी पुण्याहून माझ्याकडे आली. तिच्या बँकेतल्या माणसानं मुदत ठेव मोडून हमीच्या परताव्याची पॉलिसी घ्यायला सांगितली होती, कोष्टक सोबत दिलं होतं. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं.

“काका, बाबा म्हणाले शेवटचा रकाना बघ. मी बँकेत विचारलं, तर ते म्हणाले या प्लॅनमध्ये तो रकाना नसतो.”

“नसतोच,” मी म्हणालो आणि कागद उलटा करून तिच्याकडे पेन सरकवलं. “एक ते एकवीस आकडे उभे लिही. खाली भरायचे पैसे उणे, मिळायचे अधिक.”